घरची शिदोरी आणि शाळेचे गुण



बोरी अरबच्या परिसरातील एका शाळेत दुसरीच्या वर्गावर पाठ पाहण्याचा योग मध्यंतरी आला. पाठ चित्रवाचनाचा होता. गुरुजींनी शेळीचे चित्र उंच धरले आणि विचारले, "ही काय आहे?" पुढच्या रांगेतील दोघा-तिघांनी तत्काळ उत्तर दिले. गुरुजींनी मग मागे बसलेल्या एका मुलीला उभे करून तोच प्रश्न विचारला. तिने चित्राकडे पाहिले, गुरुजींकडे पाहिले आणि मान खाली घातली. गुरुजींनी क्षणभर वाट पाहून तिला बसविले. पाठ संपल्यावर ते मला हळू आवाजात म्हणाले, "ती जरा मंदच आहे. घरी कोणी शिकलेले नाही."

मधल्या सुट्टीत ती मुलगी निंबाखाली बसली होती. मी जवळ जाऊन सहज विचारले, "तुमच्याकडे बकऱ्या आहेत काय?" प्रथम ती बुजली, पण नंतर बोलू लागली ती थांबेना. "आमची बकरी परवा रातच्यानं व्याली. दोन पिल्लं झाले, एक पाठ अन् एक बोकड. बोकड दूधच पेत नव्हता, तं मायनं बोट दुधात बुडवून त्याले चाटवलं. आता पेते." प्रसंग, त्यातील अडचण, अडचणीवरचा उपाय आणि त्याचा परिणाम असे सर्व काही तिने योग्य क्रमाने सांगितले. मी विचारले, "मग मघाशी वर्गात का नाही सांगितलेस?" ती म्हणाली, "सरायले तं मालूमच हाय ना, बकरी हाय म्हून!"

या एका वाक्यात आजच्या लेखाचा विषय सामावलेला आहे. मुलीला बकरी माहीत होती आणि बोलताही येत होते. ज्याचे उत्तर विचारणाऱ्याला आधीच ठाऊक आहे असा प्रश्न माणसे विचारतात आणि त्याचे उत्तर द्यावयाचे असते, ही रीत मात्र तिला माहीत नव्हती. ही रीत शाळेने तिला कधी शिकविली नव्हती. पुढच्या रांगेतील मुलांनाही शाळेने ती शिकविली नव्हती; ती मुले ती घरूनच घेऊन आली होती. तरीही आपण एकाला हुशार आणि दुसरीला मंद ठरवून मोकळे झालो.

घरातून येणाऱ्या या शिदोरीला समाजशास्त्रात 'सांस्कृतिक भांडवल' असे नाव आहे. हे नाव रूढ करणारे फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्द्यू (१९३०–२००२) हे स्वतः एका खेड्यातले. त्यांचे वडील टपाल खात्यात नोकरीला होते आणि घराणे बटाईने शेती करणाऱ्यांचे होते. घरी व गावात बेआर्न प्रांताची बोली कानांवर पडे, तर शाळेत प्रमाण फ्रेंच भाषा. म्हणजे आपल्या वऱ्हाडी मुलांची जी स्थिती असते, तीच त्यांनी बालपणी अनुभवली होती. १९६४ साली झाँ-क्लोद पासरों यांच्यासह त्यांनी विद्यापीठातील विद्यार्थ्यांविषयीचा एक ग्रंथ प्रसिद्ध केला. शेतमजुराच्या मुलापेक्षा वरिष्ठ अधिकाऱ्याच्या मुलाला विद्यापीठात प्रवेश मिळण्याची शक्यता तेव्हाच्या फ्रान्समध्ये ऐंशीपट अधिक होती, असे त्यात दाखविले आहे. हे अंतर केवळ पैशाचे असते तर शिष्यवृत्तीने बरेचसे भरून निघाले असते. परंतु पैशाव्यतिरिक्त आणखीही काही तरी वारशाने मिळत होते, असा त्यांचा निष्कर्ष होता.

हे भांडवल तीन रूपांनी असते, असे बोर्द्यू यांनी पुढे मांडले. पहिले रूप म्हणजे अंगी मुरलेल्या सवयी : बोलण्याची ढब, प्रश्नाला उत्तर देण्याची रीत, पुस्तक हाती घेऊन बसण्याचा सराव. दुसरे रूप वस्तूंचे : घरातील पुस्तके, वर्तमानपत्र, नकाशा, रंगपेटी. तिसरे रूप प्रमाणपत्रांचे व पदव्यांचे. यांपैकी पहिले रूप सर्वांत प्रभावी असते आणि तेच डोळ्यांना दिसत नाही. पैसा दिसतो, पुस्तकांचे कपाट दिसते. परंतु बाळपणापासून आईच्या मांडीवर बसून शेकडो वेळा चित्रातील वस्तूंची नावे सांगितलेल्या मुलाचा सराव कोणाला दिसत नाही. त्यामुळे तो सराव आपल्याला उपजत बुद्धी वाटतो.

आपल्या शेतीतील उदाहरणाने हे अधिक स्पष्ट होईल. एकच बियाणे एकाने ओलिताच्या वावरात लावले आणि दुसऱ्याने कोरडवाहू वावरात. दिवाळीनंतर दोघांच्या कापसाचे वजन करून दुसऱ्याचे बियाणे निकस होते, असे जर कोणी म्हटले तर आपण त्याला हसू. कारण विहीर दिसते. वर्गात मात्र ही विहीर दिसत नाही, म्हणून बियाण्यालाच दोष दिला जातो. आपल्या कामातील ही चूक नेमकी कोठे घडते आणि ती कशी ओळखावी, हे आपल्या वर्गांत नित्य आढळणाऱ्या दोन ठिकाणांवरून पाहू. पहिले ठिकाण तोंडी प्रश्नाचे आणि दुसरे श्रुतलेखनाचे.

प्रश्न विचारण्याची रीत

घरात विचारले जाणारे प्रश्न आठवून पाहा. "माय कोठे गेली?", "बैलाला पाणी पाजले काय?", "दुकानदाराने किती पैसे परत दिले?" या प्रश्नांची उत्तरे विचारणाऱ्याला ठाऊक नसतात, म्हणूनच तो विचारतो. बहुतेक शेतकरी व मजूर कुटुंबांत मुलांच्या वाट्याला असेच खरे प्रश्न येतात. ज्या घरी चित्रांची पुस्तके असतात आणि मुलाला घेऊन बसण्याइतकी सवड आईबापांना असते, तेथे दुसऱ्या जातीचे प्रश्न सतत विचारले जातात : "हे काय बरे?", "हत्तीला पाय किती?", "हा रंग कोणता?" हे सरावाचे प्रश्न होत; आणि शाळेतील बहुतेक प्रश्न याच जातीचे असतात.

अमेरिकेतील संशोधिका शर्ली ब्राइस हीथ यांनी हा फरक फार बारकाईने अभ्यासला. कॅरोलिना राज्यांतील कापडगिरण्यांच्या प्रदेशात त्यांनी १९६९ ते १९७८ या काळात कुटुंबांत आणि शाळांत वावरून निरीक्षणे केली व ती १९८३ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. गिरणीकामगारांच्या एका कृष्णवर्णीय वस्तीत मोठी माणसे मुलांना वस्तूंची नावे विचारीत नसत. ती विचारीत, "हे कशासारखे दिसते?" त्यामुळे तेथील मुले साम्य ओळखण्यात व प्रसंग रंगवून सांगण्यात तरबेज असत. शाळेत मात्र पहिल्या दिवसापासून नाव, रंग आणि आकार यांचे प्रश्न सुरू होत आणि ही मुले गप्प राहत. शिक्षिका ती मागासलेली आहेत असे समजत.

तेथील शिक्षिकांनी हीथ यांच्या साहाय्याने जो उपाय केला तो आपणासही करण्याजोगा आहे. त्यांनी मुलांच्या स्वतःच्या परिसराची छायाचित्रे वर्गात आणली आणि आरंभी मुलांच्या ओळखीचेच प्रश्न विचारले : येथे काय चालले आहे? तू येथे गेली होतीस काय? तेथे काय केलेस? हे कशासारखे आहे? मुले बोलू लागल्यावर त्यांची उत्तरे ध्वनिमुद्रित केली. मग त्याच चित्रांविषयी नाव व गुणधर्म विचारणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरे त्या मुद्रणात समाविष्ट केली. ती उत्तरे त्याच वस्तीतील इतर मुलांच्या व मोठ्या माणसांच्या आवाजात होती. मुलांनी ती पुनःपुन्हा ऐकली आणि शाळेतील प्रश्नांची जात त्यांना ओळखू येऊ लागली. मुलांची रीत खोडून न टाकता त्यांना दुसरी रीत उघडपणे दाखवून देण्यात आली, हे येथे ध्यानात घ्यावे.

आपल्या वर्गात हे असे करता येईल. शेळीच्या चित्राने पाठ सुरू करण्यापूर्वी एक खरा प्रश्न विचारावा : "तुमच्या घरच्या बकरीने या आठवड्यात काय काय केले?" त्यानंतर स्पष्ट शब्दांत सांगावे, "आता मी असे प्रश्न विचारणार आहे की ज्यांची उत्तरे मला माहीत आहेत. हा शाळेतला खेळ आहे. मला माहीत असले तरी तुम्ही सांगायचे, म्हणजे तुम्हाला काय काय येते ते मला कळेल." हे वाक्य मोठ्यांना निरर्थक वाटेल, पण आमच्या त्या मुलीला ते कोणीच सांगितले नव्हते. शिवाय तिच्या घरी जनावराचे नाव 'बकरी' आहे आणि पुस्तकात 'शेळी'. तेव्हा "आपण बकरी म्हणतो, पुस्तकात शेळी म्हणतात," हेही फळ्यावर शेजारी शेजारी लिहावे.

याच्या जोडीला थांबणेही आवश्यक आहे. अमेरिकेतील मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांतील संभाषणांचे मोजमाप केले, तेव्हा प्रश्न विचारल्यानंतर शिक्षक सरासरी सुमारे एकच सेकंद थांबतात असे आढळले. तेच थांबणे तीन सेकंदांपर्यंत वाढविले असता उत्तरे लांब व विचारपूर्वक येऊ लागली आणि एरवी न बोलणारी मुलेही बोलू लागली. ज्या मुलाला प्रश्न कळून, घरच्या बोलीत उत्तर सुचून, ते पुस्तकी भाषेत बदलून मग उच्चारावयाचे असते, त्याला एक सेकंद कसा पुरणार? मनातल्या मनात पाच अंक सावकाश मोजावे आणि मगच पुढच्या मुलाकडे वळावे.

श्रुतलेखनातील दोन गुण

आता लेखनाकडे वळू. तिसरीच्या वर्गात दहा शब्दांचे श्रुतलेखन घेतले असे समजा. शब्द पुढीलप्रमाणे : शाळा, पाणी, काळा, फळ, केळी, डोळा, कोण, लोणी, मीठ, बैल. एका मुलाने लिहिले : शाया, पानी, काया, फय, केयी, डोया, कोन, लोनी, मीठ, बैल. नियमाप्रमाणे त्याला दहापैकी दोन गुण मिळाले. शेजारी बसलेल्या, घरी प्रमाण मराठी ऐकणाऱ्या मुलाला दहापैकी दहा मिळाले. आठ गुणांचे हे अंतर कशाचे आहे?

चुका गटांत मांडून पाहू. शाळा, काळा, फळ, केळी व डोळा या पाच शब्दांत 'ळ' च्या जागी 'य' आला आहे. पाणी, कोण व लोणी या तीन शब्दांत 'ण' च्या जागी 'न' आला आहे. म्हणजे चुका आठ दिसत असल्या तरी त्यांची कारणे दोनच आहेत. आणि ती दोन्ही वऱ्हाडी बोलीच्या उच्चारांचे नियम आहेत. मुलाने कान, मात्रा, वेलांटी यांत कोठेही गफलत केलेली नाही. जे त्याने घरी ऐकले ते त्याने अचूक लिहिले. किंबहुना ध्वनी व अक्षर यांची सांगड घालण्याची, म्हणजे लेखनातील सर्वांत अवघड गोष्ट, त्याला उत्तम साधली आहे. शेजारच्या मुलाला हे आठ गुण मिळाले ते त्याच्या घरी 'ळ' आणि 'ण' बोलले जातात म्हणून. शाळेने शिकविलेल्या भागापुरते पाहिले तर दोघेही बरोबरीने आहेत.

याच वर्गात तिसरा एक मुलगा असेल. त्याने 'शाळा' साठी 'सला', 'मीठ' साठी 'मट', 'बैल' साठी 'बल' असे लिहिले आणि कसेबसे दोन शब्द बरोबर आले. त्यालाही दहापैकी दोनच गुण. परंतु याच्या चुकांना नियम नाही. त्याला स्वरचिन्हेच येत नाहीत. गुणपत्रकावर दोघे सारखे दिसतात, पण दोघांची अडचण अगदी भिन्न आहे. पहिल्याला पुन्हा मुळाक्षरे गिरवायला बसविले तर तो कंटाळेल, आणि तिसऱ्याला केवळ 'ळ' व 'ण' यांचा सराव दिला तर त्याला काहीच लाभ होणार नाही. म्हणून चुका मोजण्यापूर्वी त्यांचे गट पाडावे. एकच फरक पुनःपुन्हा त्याच जागी येत असेल तर ती बोली आहे, आणि फरक दर शब्दागणिक बदलत असेल तर ते अक्षराचे अज्ञान आहे, असे समजावे.

पहिल्या मुलासाठी सुमारे दोन आठवड्यांचा क्रम पुरेसा होतो. आरंभ कानापासून करावा. वऱ्हाडी बोलीत फुलांची 'माळ' आणि जन्मदाती 'माय' यांचा उच्चार एकच होतो. 'गाळ' आणि 'गाय' यांचेही तसेच. अशा जोड्या शिक्षकाने सावकाश उच्चाराव्या आणि फरक ऐकू आला की मुलांनी हात वर करावा. पहिल्या दिवशी अनेकांना फरक ऐकूच येत नाही. तो हट्ट नसतो. जो भेद घरच्या बोलीत नाही तो कानाला सरावानेच कळतो. त्यानंतर जिभेकडे लक्ष वेधावे. 'ळ' व 'ण' म्हणताना जिभेचे टोक मागे वळून टाळूला लागते. 'य' म्हणताना टोक कोठेच लागत नाही आणि 'न' म्हणताना ते दातांच्या मागे लागते. मुलांना हा खेळ फार आवडतो.

यानंतर वहीत दोन रकाने आखावे : 'आपण म्हणतो' आणि 'पुस्तकात लिहितात'. पहिल्यात मुलांनी स्वतः आठवून शब्द भरावे : जवय, काया, निया, पानी, लोनी. दुसऱ्यात शिक्षकांच्या साहाय्याने त्यांची प्रमाण रूपे लिहावी. वर 'चूक' आणि 'बरोबर' असे शब्द मात्र लिहू नयेत. आजी जी भाषा बोलते ती 'चूक' आहे असे वहीत लिहिलेले मूल एक तर घरापासून तुटते, नाही तर शाळेपासून. शेवटी सुटे शब्द न घेता वाक्ये सांगून श्रुतलेखन घ्यावे, कारण 'माय' लिहावयाचे की 'माळ' हे अर्थावरूनच ठरते.

या दोन आठवड्यांत एक गंमत घडते, ती आधीच सांगून ठेवतो. काही मुले 'गाळ चारा खाते', 'पाळ धुतले', 'माझ्या काणात दुखते' असे लिहू लागतात. बरोबर असलेली गाय बिघडली, असे पाहून शिक्षक निराश होतात. वस्तुतः हे प्रगतीचे चिन्ह आहे. मुलाला नियम समजला आहे, त्याची मर्यादा मात्र अजून कळलेली नाही. म्हणून तो नको तेथेही लावतो. अशा वेळी रागावू नये. 'गाय' आणि 'गाळ' या दोन्ही शब्दांची वाक्ये एकत्र लिहवून घ्यावी, म्हणजे थोड्या दिवसांत ही अतिदक्षता आपोआप ओसरते.

येथे एक इशारा देणे आवश्यक वाटते. काही सहृदय शिक्षक म्हणतात, "मुलांची बोली त्यांच्यापाशी राहू द्यावी, प्रमाण भाषेचा आग्रह कशाला?" गप्पांत, गोष्टी सांगताना आणि विचार मांडताना बोली मुक्तपणे चालू द्यावी, हे सर्वथा योग्य आहे, तेथे मध्येच शुद्धिपत्र काढू नये. पण लेखनात 'शाया' तसेच राहू दिले तर पुढील परीक्षा, अर्ज आणि नोकरीच्या मुलाखती त्या मुलाला तीच शिक्षा देतील, आणि तेव्हा समजावून सांगणारा कोणी नसेल. घरून प्रमाण भाषा न मिळालेल्या मुलाला ती मिळण्याचे एकच ठिकाण आहे, आणि ते म्हणजे आपला वर्ग. ती न शिकवणे ही दया नव्हे.

या विचाराचा आपल्याकडील मागोवा

हा विचार केवळ परदेशी आहे असे कोणी समजू नये. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना महात्मा जोतीराव फुले यांनी प्राथमिक शिक्षक शक्यतो शेतकरीवर्गातून घेतले जावेत, अशी मागणी केली होती. नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हाती धरण्यास ज्याला लाज वाटणार नाही आणि जो सामान्य लोकांत सहज मिसळेल असा शिक्षक त्यांना हवा होता. 'सांस्कृतिक भांडवल' हा शब्द तेव्हा नव्हता. परंतु शिक्षकाचे घर आणि मुलाचे घर यांत फार अंतर असले की शिकविणे मुलापर्यंत पोहोचत नाही, हे त्यांनी अचूक हेरले होते.

ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी हेच प्रत्यक्ष कृतीने दाखविले. १९४५ साली बोर्डी येथे बालशिक्षणाचे काम सुरू झाल्यावर त्यांना असे दिसून आले की, वंचित वस्तीतील मुले बालवाडीपर्यंत येतच नाहीत. तेव्हा त्यांनी बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' या कल्पनेचा उगम तेथे आहे. महागड्या माँटेसरी साधनांच्या जागी त्यांनी शंखशिंपले, बिया, खडे व काड्या वापरल्या. १९५७ पासून कोसबाड येथील वारली मुलांसाठी हेच काम पुढे चालले, आणि गुरे वळणाऱ्या मुलांसाठी शाळा कुरणापर्यंत गेली. मुलाच्या घरी जे नाही त्याबद्दल त्याला उणे लेखण्याऐवजी, जे आहे त्यावरून शिकविण्यास आरंभ करावा, असा हा मार्ग होता.

मर्यादा आणि सावधगिरी

घरची शिदोरी हे सर्वस्व नव्हे. कापूस वेचणीच्या दिवसांत मूल शाळेत नसेल, कुटुंब कामासाठी परगावी गेले असेल, किंवा मुलाला कमी दिसत वा कमी ऐकू येत असेल, तर त्यांची कारणे वेगळी आणि उपायही वेगळे. प्रत्येक अपयशावर 'घरचे वातावरण' हा शिक्का मारणे म्हणजे पालकांना नव्या शब्दांत दोष देणे होय. "घरी कोणी शिकलेले नाही" या वाक्याने आपण कारण सांगत नाही. आपले काम पालकांवर ढकलून देतो.

तांड्यावरील गोरमाटी बोलणारी मुले, तसेच आपल्या जिल्ह्यातील कोलामी व गोंडी बोलणारी मुले यांना वर सांगितलेला 'ळ' आणि 'य' यांचा नियम लागू पडणार नाही. त्यांच्या घरची भाषाच निराळी आहे. त्यांच्या चुकांचे गट स्वतंत्रपणे पाडावे लागतील आणि त्यासाठी त्या भाषेतील निदान शंभर-दीडशे नित्याचे शब्द शिक्षकाने स्वतः शिकून घ्यावे लागतील. शक्य तेथवर मुलाच्या मातृभाषेतून शिकवावे, असे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या २९ व्या कलमातही सांगितलेले आहे.

आणखी एक गोष्ट मूल्यमापनाविषयी. २०१० पासून आकारिक मूल्यमापनात प्रकल्प व उपक्रम यांना गुण आहेत. हेतू उत्तम आहे. पण प्रकल्प घरून करून आणावयास सांगितला की रंगीत कागद, छापील चित्रे आणि वडील भावंडांचे हस्ताक्षर यांनाच गुण मिळतात. म्हणजे विहिरीलाच बक्षीस मिळते. प्रकल्प शाळेतच, शाळेच्या साहित्यातून आणि शाळेच्या वेळेत करवून घ्यावा. तोच प्रकल्प 'आमच्या घरच्या बकऱ्या' या विषयावर असेल, तर त्या मागच्या रांगेतील मुलीजवळ सांगण्यासारखे पुष्कळ आहे.

त्या मुलीच्या गुरुजींना मी सुट्टीनंतर तिची बोकडाची हकीकत सांगितली. ते काही वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी तिला पुन्हा उभे केले आणि म्हणाले, "तुमच्या बोकडाचे काय झाले ते सगळ्यांना सांग. मला खरेच माहीत नाही." ती बोलू लागली, आणि ती बोलत होती तसेच शब्द गुरुजी फळ्यावर उतरवीत गेले. त्या वर्गाने त्या दिवशी वाचलेला तो पहिला धडा तिचा होता. त्यातील 'बकरी' शेजारी त्यांनी मग 'शेळी' लिहिले.

केंद्रातील चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या वर्गातील शेवटच्या श्रुतलेखनाच्या पाच वह्या घ्या. चुकांचे गट पाडा. किती चुका बोलीच्या नियमाने झाल्या आणि किती अक्षर न आल्यामुळे?

२. एक संपूर्ण पाठ सहकाऱ्याला पाहावयास सांगा. कोणत्या मुलाला किती प्रश्न विचारले व प्रत्येकासाठी किती वेळ थांबलात, याची नोंद त्याने करावी. कमी प्रश्न कोणाच्या वाट्याला आले?

३. आपल्या शाळेत मुलांना येत असणार असे गृहीत धरलेल्या, परंतु कधीही न शिकविलेल्या पाच गोष्टींची यादी करा. त्यांपैकी पुढील आठवड्यात कोणती एक उघडपणे शिकवाल, आणि ती आली हे कशावरून ओळखाल?